गोल ओंडका पाण्यात कोणत्या कुशीवर झोपतो?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हेवर्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९६० पासून लाकूडतोड्यांच्या जागतिक स्पर्धा भरतात आणि त्यांत एक खेळ असा असतो, की तळ्यात तरंगणाऱ्या एकाच ओंडक्यावर दोन स्पर्धक उभे राहतात आणि पायांनी तो गरागरा फिरवत एकमेकांना पाण्यात पाडतात. एकेकाळी उत्तर अमेरिकेत तोडलेलं लाकूड नदीतून वाहवत गिरण्यांपर्यंत नेत. ओंडके अडकले की माणसं त्यांच्यावर उड्या मारत जाऊन ते मोकळे करत. हा खेळ तिथून आला. आता स्पर्धेसाठी लेथवर एकसारखा गोल कातलेला ओंडका वापरतात. जंगलातून आलेला ओंडका खेळाला का चालत नाही आणि कातून गोल केलेला का चालतो, याचं उत्तर जहाजबांधणीच्या शास्त्रातल्या एका आकड्यात आहे. त्या आकड्याला मेटासेंट्रिक उंची म्हणतात.

पाण्यावर तरंगणाऱ्या कुठल्याही वस्तूवर दोन बलं काम करतात. वजन खाली ओढतं आणि ते गुरुत्वमध्यातून जातं. पाणी वर ढकलतं, आणि हे प्लावक बल पाण्यात बुडालेल्या भागाच्या मध्यातून जातं. वस्तू निवांत तरंगत असताना दोन्ही बलं एकाच उभ्या रेषेत असतात. तिला थोडी कलती केली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, त्याचा मध्य एका बाजूला सरकतो आणि पाण्याचा रेटा नव्या उभ्या रेषेतून वर येऊ लागतो. ही नवी रेषा वस्तूच्या मूळच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. हे नाव पिएर बुगे या फ्रेंच शास्त्रज्ञानं १७४६ साली जहाजांवरच्या आपल्या ग्रंथात दिलं. पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी दक्षिण अमेरिकेत गेलेल्या फ्रेंच मोहिमेत तो होता आणि समुद्रापासून दूर, अँडीज पर्वतात मुक्काम असतानाच त्यानं या ग्रंथाचं बरंच काम केलं. नियम साधा आहे. मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या वर असेल तर वस्तू कलल्यावर परत सरळ होते. खाली असेल तर आणखी कलत जाते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे मेटासेंट्रिक उंची. वर असेल तर ती धन धरायची, खाली असेल तर ऋण.

आता प्रत्यक्ष ओंडका घेऊ. व्यास ४० सेंटिमीटर, लांबी ४ मीटर, आणि लाकूड वाळलेल्या सागवानासारखं, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ०.६५ घनतेचं. वजन साधारण ३२७ किलो भरेल. हा ओंडका आडवा टाकला तर त्याच्या आकारमानाचा ०.६५ भाग पाण्याखाली जातो. खोली मोजली तर २४.८ सेंटिमीटर पाण्यात आणि १५.२ सेंटिमीटर वर. पाण्याच्या रेषेवर त्याची रुंदी ३८.९ सेंटिमीटर असते. बुडालेल्या भागाचा मध्य ओंडक्याच्या आसाच्या ६ सेंटिमीटर खाली येतो.

मेटासेंटर या मध्यापासून किती वर असतं, ते काढायची रीत ठरलेली आहे. सगळीकडे सारख्या रुंदीच्या वस्तूसाठी पाण्याच्या रेषेवरच्या रुंदीचा घन करायचा, त्याला १२ नं भागायचं आणि मग बुडालेल्या छेदाच्या क्षेत्रफळानं भागायचं. ३८.९ चा घन सुमारे ५८,७००. त्याला १२ नं आणि नंतर ८१७ चौरस सेंटिमीटरनं भागलं की ६ सेंटिमीटर येतात. म्हणजे आसाच्या ६ सेंटिमीटर खालून निघून आपण ६ सेंटिमीटर वर गेलो आणि बरोबर आसावर येऊन थांबलो. लाकूड सगळीकडे सारखं असेल तर गुरुत्वमध्यही आसावरच असतो. मेटासेंट्रिक उंची शून्य!

हा योगायोग असेल असं वाटून घनता बदलून पाहिली, तरी तेच होतं. ०.२५ घनतेच्या हलक्या लाकडाच्या तेवढ्याच जाडीच्या ओंडक्यात बुडालेल्या भागाचा मध्य आसाच्या १३ सेंटिमीटर खाली असतो आणि मेटासेंटर त्या मध्याच्या १३ सेंटिमीटर वर. बरोबर अर्धा बुडणारा ओंडका घेतला तर दोन्ही आकडे साडेआठ. ०.९ घनतेला दोन्ही १.८. वाटेतले आकडे बदलत जातात, पण बेरीज-वजाबाकी दर वेळी शून्यावरच येते.

खरं तर हे गणित करायचीही गरज नाही. पाण्याचा दाब नेहमी पृष्ठभागाला काटकोनात असतो, आणि वर्तुळाच्या कडेवर कुठेही काटकोनात रेघ काढली तर ती केंद्रातूनच जाते. ओंडक्याच्या बुडालेल्या अंगावर पाणी हजार ठिकाणी रेटत असलं, तरी प्रत्येक रेटा आसाकडेच रोखलेला असतो. आसाकडे रोखलेलं बल ओंडका फिरवू शकत नाही. तो कमी बुडाला काय नि जास्त बुडाला काय, पाण्याला त्याला वळवण्यासाठी पकडच सापडत नाही. भौतिकशास्त्रात याला उदासीन समतोल म्हणतात. ओंडका स्थिर नाही आणि अस्थिरही नाही. जिथे फिरवून सोडाल तिथेच तो थांबेल.

अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत या प्रश्नाची एक ठरलेली चूक आहे. चौकोनी तराफ्याची उदाहरणं सोडवून हात बसलेला विद्यार्थी बुडालेल्या भागाचा मध्य बुडीत खोलीच्या निम्म्यावर धरतो. आपल्या ओंडक्यात ही निम्मी खोली तळापासून १२.४ सेंटिमीटर येते. खरा मध्य मात्र तळापासून १४ सेंटिमीटरवर आहे, कारण वर्तुळाचा छेद तळाशी अरुंद आणि वर रुंद असतो. एवढ्याशा चुकीनं मेटासेंट्रिक उंची उणे १.६ सेंटिमीटर निघते आणि उत्तरपत्रिकेत लिहिलं जातं की ओंडका अस्थिर आहे. तपासायचा उपाय सोपा आहे. गोल आणि एकसारख्या ओंडक्याचं उत्तर शून्य सोडून काहीही आलं, मग ते ०.०२ का असेना, तर चूक हिशेबात आहे, ओंडक्यात नाही.

घनतेचं गुणोत्तर एरवी किती निर्णायक असतं, ते पाहायला याच लाकडाची चौरस तुळई घ्यावी. बाजू ३० सेंटिमीटर, घनता तीच ०.६५. ती सपाट ठेवली तर मेटासेंटर बुडीत भागाच्या मध्यापासून ३.८५ सेंटिमीटर वर येतं, पण गुरुत्वमध्य ५.२५ सेंटिमीटरवर बसलेला असतो. उंची उणे १.४. म्हणून तुळई सपाट राहतच नाही. ती कलते आणि एक कड वर काढून तरंगते. चौरस छेदाची तुळई सपाट राहायची असेल तर घनता ०.२१ पेक्षा कमी किंवा ०.७९ पेक्षा जास्त हवी. ०.२८ ते ०.७२ या पट्ट्यातली प्रत्येक तुळई कड वर करून तरंगते, आणि मधल्या दोन अरुंद पट्ट्यांत ती धड सपाट नाही, धड कडेवर नाही, अशी तिरकी पडते. ओंडका करवतीखाली जाऊन चौकोनी झाला की घनतेचं राज्य सुरू होतं. गोल असताना त्याला घनतेचं सोयरसुतक नसतं.

मग नदीतला खरा ओंडका एका बाजूवर ठाम का पडतो? हातानं फिरवला तरी तो हळूच परत का वळतो? कारण जंगलातलं लाकूड एकसारखं नसतं. उतारावरच्या झाडाचा गाभा मधोमध नसून एका बाजूला सरकलेला असतो. गाभ्याचं लाकूड आणि त्याभोवतीचं बाहेरचं फिकट लाकूड सारख्या वजनाचं नसतं. एका अंगाला गाठी जास्त असतात, साल एका बाजूची निघालेली असते. या सगळ्यामुळे गुरुत्वमध्य आसापासून थोडा हलतो. मेटासेंटर मात्र आसाला चिकटून असतं. त्यामुळे इथे हिशेब फारच सोपा होतो. गुरुत्वमध्य आसापासून जेवढा सरकला असेल तेवढीच मेटासेंट्रिक उंची. ओंडका जड बाजू खाली जाईपर्यंत वळतो आणि मग तिथे स्थिर होतो.

आपल्या ओंडक्याची एक अर्धी बाजू ०.७ घनतेची आणि दुसरी ०.६ ची आहे असं धरू. सरासरी तीच ०.६५. गुरुत्वमध्य आसापासून साधारण साडेसहा मिलिमीटर सरकतो, म्हणजे मेटासेंट्रिक उंचीही साडेसहा मिलिमीटर. आकडा किरकोळ दिसतो, पण ओंडक्याला आपली कूस लक्षात ठेवायला तेवढा पुरतो. थोडा कलता करून सोडला तर सुमारे साडेतीन सेकंदांत तो एक झोका पूर्ण करतो. गुरुत्वमध्य एकच मिलिमीटर सरकलेला असता तर हाच झोका नऊ सेकंदांचा झाला असता. म्हणून ओंडका न कापता त्याचं लाकूड किती असमान आहे, हे घड्याळानं मोजता येतं. झोका जितका रेंगाळत येईल तितका ओंडका एकसारखा. तो झोकाच घेत नसेल आणि थांबवाल तिथे थांबत असेल, तर उंची शून्याजवळ आली म्हणायची. एरवी जहाजाच्या बाबतीत अशा मोजणीत एक अडचण असते, कारण डोलताना जहाज आजूबाजूचं पाणीही ढकलतं आणि त्यामुळे झोका लांबतो. गोल ओंडका स्वतःभोवती फिरताना पाणी जवळजवळ ढकलतच नाही, फक्त घासतो. त्यामुळे मोजणी बरीच स्वच्छ होते.

बरेच महिने पाण्यात राहिलेल्या ओंडक्याची उंची हळूहळू वाढते, हेही यातूनच कळतं. खालची बाजू पाणी पिऊन जड होत जाते, वरची उन्हात वाळून हलकी राहते. आधी नुसता कल होता, त्याची पुढे सवय होते. वरच्या अंगावर शेवाळ धरलेला ओंडका सहसा उलटत नाही, त्यामागे हेच कारण.

अशा ओंडक्यावर उभं राहायला गेलं की काय होतं? ओंडका जास्तीत जास्त किती जोरानं परत वळू शकतो, त्याचा हिशेब ३२७ किलो गुणिले ०.६५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २१३ किलो-सेंटिमीटर. त्यावर ६० किलोचा माणूस उभा आहे. २१३ ला ६० नं भागलं की साडेतीन सेंटिमीटर येतात. माणसाचा भार आसापासून आडव्या दिशेनं साडेतीन सेंटिमीटरहून जास्त सरकला की ओंडक्यापाशी त्याला तोलायला काही उरत नाही. तो फिरत सुटतो. पायाच्या पंजाची निम्मी रुंदीसुद्धा याहून फारशी कमी नसते. वरून माणसाचा स्वतःचा गुरुत्वमध्य ओंडक्याच्या आसापासून सव्वाएक मीटरच्या आसपास उंच. दोघांना एकच वस्तू मानलं तर मेटासेंट्रिक उंची उणे १८ सेंटिमीटरच्या जवळ जाते. माणूस पुतळ्यासारखा उभा राहिला तर पडणार हे नक्की. स्पर्धक टिकतो तो सतत पाय चालवत राहतो म्हणून. आणि कातलेला ओंडका लागतो तो यासाठी, की त्याला स्वतःची आवडती कूस नसावी. नाहीतर नशीब चांगलं असलेल्याच्या पायाखाली जड बाजू यायची आणि खेळ ओंडक्याच्या मर्जीवर चालायचा.

दोन ओंडके शेजारी शेजारी बांधले की चित्र एकदम पालटतं. प्रत्येक ओंडका आपल्या आसाभोवती अजूनही उदासीनच असतो, पण आता कलताना एक ओंडका खोल जातो आणि दुसरा वर येतो. असे दोन सागवानी ओंडके चिकटवून बांधले तर मेटासेंटर आसांच्या १९ सेंटिमीटर वर चढतं. त्यावर आपला ६० किलोचा माणूस उभा केला तरी, तराफा थोडा खोल गेल्याचा हिशेब धरूनही, सुमारे ७ सेंटिमीटर उंची शिल्लक राहते. एकाच दोरखंडानं हे साधतं. लाकूड नदीतून नेणारे लोक जगभर तराफे बांधत आले ते यामुळेच. इरावतीवरून बर्मी सागवान असंच तराफे बांधून रंगूनकडे यायचं. तिथे घनतेचा प्रश्न मात्र वेगळा आणि फार आधी यायचा. ओलं सागवान पाण्यात बुडतं. म्हणून झाड तोडण्याआधी बुंध्याभोवती सालीसकट खोल कडं कापून ते उभं असतानाच मारत आणि दोन-तीन वर्षं तसंच वाळू देत. मगच कुऱ्हाड चालवत. कुशीची चिंता नंतरची, आधी तरंगलं तर पाहिजे.

आतापर्यंत बोललो ते ओंडका स्वतःभोवती लोळण्याबद्दल. लांबीच्या दिशेनं, म्हणजे एक टोक खाली आणि एक वर जाण्याबद्दल विचारलं, तर घनता पुन्हा हिशेबात येते. चार मीटरच्या ओंडक्याची लांबीकडची मेटासेंट्रिक उंची तब्बल सव्वासहा मीटर निघते. तो टोकावर उभा राहायचं नाव काढणार नाही. पण त्याच ओंडक्याचे ठोकळे कापत गेलं तर एक सुबक नियम हाती येतो. ठोकळ्याची लांबी पाण्याच्या रेषेवरच्या रुंदीहून जास्त असेल तोवरच तो आडवा राहतो. सागवानी ओंडक्यात ही मर्यादा ३८.९ सेंटिमीटर. दुसरीकडे, उभा राहून थाळीसारखा तरंगायला त्याची लांबी २९.६ सेंटिमीटरहून कमी हवी. या दोहोंच्या मधली लांबी, समजा ३५ सेंटिमीटर, घेतली तर ठोकळा ना आडवा राहतो, ना उभा. तो तिरकाच तरंगतो.

०.९ घनतेचं जड लाकूड घेतलं तर मात्र गंमत होते. तेवढ्याच व्यासाचा ठोकळा २९ सेंटिमीटरहून लांब असला की आडवा स्थिर राहतो आणि ४७ सेंटिमीटरहून आखूड असला की उभाही स्थिर राहतो. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढले. म्हणजे ४० सेंटिमीटर लांबीचा ठोकळा आडवा ठेवलात तर आडवा राहील आणि उभा ठेवलात तर उभा. कसा तरंगेल हे नुसतं पाहून सांगता येत नाही, त्याला पाण्यात कसा सोडला ते माहीत असावं लागतं. ख्रिस्तियान हायगेन्सनं १६५० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तरंगणाऱ्या वृत्तचितींचा असाच कसून अभ्यास केला होता. हे लिखाण त्यानं छापलं नाही. ते विसाव्या शतकात त्याच्या समग्र साहित्यात प्रसिद्ध झालं.

शेवटी एक प्रश्न राहतो. कुठल्याही कुशीवर निवांत तरंगणं ही मिरासदारी वर्तुळाचीच का? १९३० च्या दशकात ल्वूव शहरातले पोलिश गणिती एका कॅफेत बसून आपले न सुटलेले प्रश्न एका जाड वहीत लिहून ठेवत. त्या वहीतला एकोणिसावा प्रश्न स्टानिस्लाव उलमचा आहे. एकसारख्या घनतेची, कुठल्याही स्थितीत समतोल राखून तरंगणारी घनवस्तू गोलच असली पाहिजे का? त्याच मंडळातल्या हेरमान आउएरबाखनं १९३८ मध्ये ओंडक्यापुरतं उत्तर दिलं. घनता पाण्याच्या बरोबर निम्मी असेल तर वर्तुळ नसलेले छेदही आहेत, त्यांची तुळई कशीही फिरवली तरी तिथेच थांबते. पूर्ण घनवस्तूंसाठी उत्तर मिळायला २०२२ साल उजाडलं. दिमित्री रियाबोगिननं निम्म्या घनतेची अशी एक बहिर्वक्र वस्तू अस्तित्वात असल्याचं सिद्ध केलं, जी गोल नाही आणि तरीही कशीही सोडली तरी समतोल राखते. आउएरबाखच्या तुळईला घनतेची अट आहे. तोच आकार ०.६५ च्या सागवानात कापला तर ती हमी उरत नाही. गोल ओंडक्याला अशी अट घालावी लागत नाही.